कांद्याच्या भावाचं पान आणि ते कोरे दिवस: माझा अनुभव

मामांची कांदाचाळ येवला तालुक्यात आहे. उन्हाळ कांदा भरला की दर आठवड्याला एक ट्रॉली विकायची, ही त्यांची पद्धत. प्रश्न दर रविवारी तोच: या आठवड्यात माल लासलगावला न्यायचा, विंचूरला की येवल्यालाच? त्यासाठी मोबाईलवर एक साधं पान करायचं मी ठरवलं. data.gov.in वर बाजार समित्यांचे रोजचे भाव खुले आहेत, तेच घ्यायचे.

नोंदणी करणं आणि माहिती मागवताना द्यायची की, म्हणजे API key, मिळवणं यात काहीच अडलं नाही. फक्त तिथली नमुन्याची की वापरू नका, ती 10च नोंदी देते. मला वाटलं होतं महाराष्ट्रात कांदा दहाच बाजारात येतो की काय! स्वतःच्या कीने पत्ता असा:

```
https://api.data.gov.in/resource/9ef84268-d588-465a-a308-a864a43d0070?api-key=तुमची_की&format=json&limit=1000&filters[commodity]=Onion
```

प्रत्येक नोंदीत बाजार, वाण, तारीख आणि min_price, max_price, modal_price असे तीन भाव क्विंटलमागे रुपयांत येतात. मामांना दाखवायचा तो modal_price, म्हणजे जास्तीत जास्त माल ज्या भावाला गेला तो. किमान आणि कमाल यांची सरासरी काढू नका. समजा किमान 300, कमाल 1900 आणि मोडल 1400 आहे. सरासरी येते 1100, पण ते 300 रुपये एखाद्या भिजलेल्या, कोंब आलेल्या वक्कलाचे असतात. चांगला माल असलेल्याला 1100 दाखवणं म्हणजे त्याला घरी बसवणं.

आता जिथे माझे तीन आठवडे गेले ते सांगतो. ज्या दिवसाची नोंद नाही, त्या दिवसाची ओळच यात येत नाही. शून्य नाही, ‘बंद’ नाही, काहीच नाही. पान रिकामं दिसू नये म्हणून मी तिथे आदल्या दिवसाचा भाव पुढे ओढला. एका सोमवारी मामांनी तो बघितला, पहाटे ट्रॉली भरून निघाले आणि लिलाव बंद. अमावास्या होती. जुन्या रीतीप्रमाणे त्या बाजारात त्या दिवशी लिलाव होत नव्हते. डिझेल गेलं, दिवस गेला. मामा काही बोलले नाहीत, ते मला जास्त लागलं.

मग कोरे दिवस मोजायला बसलो. काही रविवारचे, काही सणाचे, पण काही दिवशी लिलाव झाल्याचं मामांच्या शेजाऱ्याकडे हिशेबपट्टीसकट होतं आणि माहितीत मात्र ओळ नव्हती. संबंधित कार्यालयाला मेल केला, उत्तर नाही. पुन्हा केला. फोन केला तर ‘लेखी द्या’, लेखी दिलं तर ‘ते आमच्याकडे नाही, समितीला विचारा’. एवढं साधं विचारत होतो: नोंद नाही म्हणजे बाजार बंद की नोंद भरायची राहिली? शेवटी एका समितीतल्या कारकुनाने दोन मिनिटांत उलगडलं. “अहो, लिलाव संपल्यावर आम्ही भरतो. माणूस रजेवर असला की राहतं. आणि तुम्ही सकाळी बघता, तेव्हा कुठून दिसणार?” हे कुठेतरी एका ओळीत लिहून ठेवलं असतं तर मामांचा फेरा वाचला असता, हा राग अजून गेलेला नाही.

त्यानंतर मी माहिती रोज रात्री 9 ला उतरवतो. उतरवलेली प्रत स्वतःकडे ठेवा. हा संच चालू दिवसाचा आहे, काल काय होतं ते इथे पुन्हा मिळत नाही. कोऱ्या दिवशी आता पानावर “नोंद नाही, समितीला फोन करा” एवढंच येतं, आणि भावाशेजारी त्याची तारीख ठळक असते.

हो, आणखी एक राहिलं. लासलगावचे उपबाजार वेगळ्या नावाने येतात, Lasalgaon(Vinchur) असं कंसासकट. नाव अक्षरशः जुळवलं नाही तर विंचूरचा भाव लासलगावात मिसळतो. आणि या नोंदींत आवक नसते. त्यामुळे आठवड्याची सरासरी दाखवताना कोणत्या दिवशी किती माल आला हे त्यात धरता येत नाही. मी सरासरी काढूनच टाकली. त्याऐवजी सहा दिवसांचे सहा आकडे ओळीने दिसतात आणि खाली मामांच्या गावापासूनचं ट्रॉलीभाडं वजा करून हातात पडणारा भाव. 25 क्विंटलच्या ट्रॉलीला भाडं 1500 रुपये जास्त पडत असेल तर क्विंटलमागे 60 गेले. लांबच्या बाजाराचा भाव 50 ने चढा असला तरी जवळचाच परवडतो.

मागच्या रविवारी मामांनी स्वतःच फोन केला. “विंचूरचे दोन दिवस कोरे दिसतायत. मी समितीला फोन करून बघतो, मग ठरवू.”