386 शब्द जास्त

सोमवार

समोरचा एसओपी, म्हणजे हा अभ्यासक्रम का करायचा हे सांगणारा अर्जासोबतचा निबंध, 1,386 शब्दांचा आहे आणि मर्यादा 1,000 ची. जैवसांख्यिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठीचा अर्ज. अर्जदार मुलीने इथे लिहायला हरकत नाही म्हटलंय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मूळ मसुदा इंग्रजीत आहे, वाक्यं इथे मराठीत उतरवली आहेत.

काटछाट आज नाही, आज फक्त मोजणी. प्रत्येक परिच्छेदासमोर समासात शब्दसंख्या लिहिली. लहानपणापासूनची आकड्यांची आवड 142, पदवीचे विषय आणि गुण 228, रुग्णालयातली इंटर्नशिप 312, त्यानंतरचा प्रकल्प 246, हाच अभ्यासक्रम का 268, पुढचे बेत 124, समारोप 66. नुसती एकूण संख्या बघितली की ‘सगळीकडून थोडं थोडं कमी करू’ असं वाटतं आणि तिथेच घात होतो. प्रत्येक परिच्छेदातून 28 टक्के उडवले तर आकडा बरोबर येतो, पण सातही परिच्छेद सारखेच अशक्त होतात. ज्या जागेसाठी सगळा मसुदा लिहिलाय, तीही समारोपाइतकीच पातळ होते.

ती जागा तिसऱ्या परिच्छेदात आहे. इंटर्नशिपमध्ये तिच्याकडे 412 रुग्णांची माहिती होती. त्यातले 139 जण तिसऱ्या महिन्याच्या तपासणीला आलेच नव्हते. वर्गात शिकवल्याप्रमाणे तिने त्या ओळी वगळल्या आणि उरलेल्या 273 जणांची सरासरी काढली. सुधारणा चांगली दिसत होती. मग नोंदवही सांभाळणाऱ्या सिस्टरांनी तिला वही दाखवली. न आलेल्यांपैकी 47 नावांपुढे पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘चालता येत नाही’. म्हणजे ती माणसं बरी झाली नव्हती, म्हणूनच आली नव्हती. आणि नेमक्या त्यांनाच वगळल्यामुळे सरासरी फुगली होती.

हे वळण अस्सल आहे. पण 312 शब्दांत ते शोधावं लागतं. पाऊस आहे, जुन्या कागदांचा वास आहे, ‘पायाखालची जमीन सरकली’ आहे, ‘आकड्यांमागे माणसं असतात हे कळलं’ आहे.

मंगळवार

कात्री हातात घेण्याआधी तीन वाक्यांना पिवळा रंग दिला. वळण म्हणायचं तर तीन गोष्टी लागतात: आधी काय वाटत होतं, काय दिसलं, आणि त्यानंतर काय वेगळं केलं. तिच्या मसुद्यात तिन्ही होत्या, पण लांब लांब विखुरलेल्या. ‘रिकामी नोंद म्हणजे माहिती नाही, एवढंच मी धरून चालले होते’ हे परिच्छेदाच्या सुरुवातीला. पेन्सिलीच्या नोंदी मधे. आणि ‘मी ती सरासरी अहवालातून मागे घेतली, न आलेल्यांपैकी 61 जणांशी फोनवर बोलले आणि दोन्ही निकाल शेजारी मांडले’ हे थेट चौथ्या परिच्छेदाच्या मध्यावर. ही तीन वाक्यं बाकी काहीही झालं तरी जाणार नाहीत.

शब्द कमी करताना बहुतेक वेळा पहिलंच वाक्य बळी पडतं, कारण ते कंटाळवाणं दिसतं. त्यात ना प्रसंग, ना संवाद. पण ते काढलं की उरतो फक्त एक हृद्य प्रसंग: सिस्टरांनी वही दाखवली, मुलीला वाईट वाटलं. आधीची समजूत चुकीची होती हे वाचणाऱ्याला कळतच नाही, मग बदललं काय? निवड समितीतला माणूस सहानुभूतीने वाचतो आणि पुढच्या अर्जाकडे वळतो.

आता मोठे तुकडे. लहानपणीच्या आवडीचे 142 शब्द पूर्ण काढले. त्या परिच्छेदात असं एकही वाक्य नव्हतं जे दुसऱ्या कुणाच्या एसओपीत बसलं नसतं. समारोपाचे 66 शब्दही गेले. तिथे आधीच सांगितलेलं पुन्हा सांगितलं होतं आणि विद्यापीठाची स्तुती होती. इथे 208 सुटले. पदवीच्या परिच्छेदात विषयांची नावं आणि गुण होते. ते गुणपत्रिकेत आहेत, सीव्हीतही आहेत. समितीसमोर तिन्ही कागद एकत्र असतात, त्यामुळे तिसऱ्यांदा सांगून काही हाती लागत नाही. दोन विषय ठेवले, कारण पुढचं काम त्यांच्यावर उभं आहे. 228 चे 118 झाले. एकूण 318 गेले, अजून 68 हवेत.

एक गोष्ट मुद्दाम लिहून ठेवायची. ‘हाच अभ्यासक्रम का’ या परिच्छेदाला आज हात लावला नाही. लांब आहे म्हणून तो आधी डोळ्यात येतो. पण त्यातली दोन वाक्यं थेट वळणातून निघतात: गहाळ माहितीवर काम करणारा संशोधनगट आणि त्याच विषयावरचा एक पर्यायी कोर्स. हा दुवा तुटला तर वळण एकटं पडतं. तपासायला सोपी युक्ती आहे. वळणाचा परिच्छेद हाताने झाका आणि त्यापुढचे वाचा. ते जसेच्या तसे अर्थपूर्ण लागले तर वळण मसुद्याला जोडलेलंच नाही, आणि मग शब्द कमी करण्याआधी ते जोडावं लागेल.

बुधवार

उरलेले 68 शब्द वळणाच्या परिच्छेदातूनच काढायचे ठरवलं. विचित्र वाटतं, पण सर्वांत जास्त चरबी तिथेच असते, कारण लिहिणाऱ्याचं मन तिथे सर्वांत जास्त गुंतलेलं असतं. मूळ तुकडा असा होता:

‘त्या दिवशी बाहेर धो धो पाऊस पडत होता. रेकॉर्ड रूममध्ये जुन्या कागदांचा वास भरून राहिला होता. माझं विश्लेषण जवळजवळ पूर्ण झालं होतं आणि मी मनातून खूप खूश होते. तेवढ्यात सिस्टर आत आल्या आणि त्यांनी माझ्यासमोर एक जुनी वही ठेवली. ती वही पाहून माझ्या पायाखालची जमीन सरकली. त्या क्षणी मला कळून चुकलं की प्रत्येक आकड्यामागे एक माणूस असतो.’

यात वहीत काय लिहिलं होतं तेच नाही! ते पुढे चार वाक्यांनी येतं. धक्का आधी सांगितला आणि धक्क्याचं कारण नंतर, म्हणून धक्का पोचत नाही. पहिल्या फेरीनंतर हे झालं:

‘विश्लेषण जवळजवळ पूर्ण झालं होतं. सिस्टरांनी नोंदवही उघडून दाखवली. न आलेल्यांपैकी 47 नावांपुढे पेन्सिलीने लिहिलं होतं: चालता येत नाही.’

आटोपशीर झालं, पण सपाट. पुन्हा वाचल्यावर लक्षात आलं की कात्रीच्या भरात ‘धरून चालले होते’ हे वाक्यही गेलं होतं, पिवळा रंग असूनही. ते परत आणलं:

‘139 रुग्ण तपासणीला परत आले नव्हते. रिकामी नोंद म्हणजे माहिती नाही, एवढंच मी धरून चालले होते, म्हणून त्या ओळी वगळल्या. सिस्टरांनी नोंदवही उघडून दाखवली. त्यातल्या 47 नावांपुढे पेन्सिलीने लिहिलं होतं: चालता येत नाही. मी ज्यांना वगळलं, त्यांनीच माझा निष्कर्ष खोटा ठरवला होता.’

पेन्सिल ठेवली, पाऊस काढला. दोन्ही तपशीलच आहेत, पण पेन्सिलीवरून कळतं की ती नोंद अधिकृत रकान्यात नव्हती, संगणकात कधी पोचलीच नसती. पाऊस काहीच सांगत नाही. भावना सांगणारी वाक्यं सगळी गेली, आणि त्यांची उणीव भासत नाही, कारण शेवटच्या वाक्यात ती आपोआप येते. चौथ्या परिच्छेदातलं फोनचं वाक्य इथे ओढून आणलं, त्यामुळे तिन्ही पिवळी वाक्यं एकाखाली एक आली. 312 चे 226 झाले.

मग किरकोळ सफाई. इंग्रजीत ‘इन ऑर्डर टू’च्या जागी नुसतं ‘टू’ चालतं, ‘आय वॉज एबल टू अ‍ॅनलाइझ’च्या जागी ‘आय अ‍ॅनलाइझ्ड’. यातून फार तर पंधरा-वीस शब्द निघतात. फक्त याच मार्गाने 386 गाठायला गेलं तर वाक्यं तुटक होतात आणि तार केल्यासारखी वाटतात.

गुरुवार

काटछाटीनंतर सांधे तपासायचे असतात. सुरुवातीचा परिच्छेद गेल्यावर वळणच सर्वांत वर नेलंय, आणि पदवीचा परिच्छेद त्याच्यामागे. त्यामुळे काळ उलटा झाला. ‘त्याआधीची तीन वर्षं मी…’ एवढी सुरुवात करून तो सांधला. चौथ्या परिच्छेदात ‘हाच प्रश्न मी प्रकल्पात पुढे नेला’ असं होतं, पण तो प्रश्न मांडणारं वाक्य काल उडालं होतं. ‘हाच’, ‘वरील’, ‘त्यामुळे’ असे शब्द एकेक करून शोधले आणि प्रत्येकाचं बोट अजून अस्तित्वात असलेल्या गोष्टीकडे आहे का ते पाहिलं. एका संक्षेपाचा विस्तार काढलेल्या भागातच राहून गेला होता, तोही परत आणला. फोनचं वाक्य वर गेल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत प्रकल्पाची पद्धत दोन ओळींत आली, कारण त्याशिवाय तो परिच्छेद पोकळ वाटत होता.

आताचा हिशेब: वळण 226, पदवी 118, प्रकल्प 238, अभ्यासक्रम 272, पुढचे बेत 128. एकूण 982. शेवटचे दोन परिच्छेद चार-चार शब्दांनी वाढले आहेत. समारोप गेल्यावर शेवट हवेत लटकत होता, म्हणून न आलेल्या रुग्णांचा उल्लेख बेतांच्या शेवटच्या ओळीत एकदा आला. 18 शब्द मोकळे आहेत, तिने ते भरू नयेत. लिहिण्याचा प्रोग्राम जोडशब्द किंवा डॅशने जोडलेले शब्द एक मोजतो आणि अर्जाचा फॉर्म दोन, असं होऊ शकतं. ‘फॉलो-अप’ हा शब्दच मसुद्यात सात वेळा आलाय. मर्यादा अक्षरांची असेल तर मोकळ्या जागाही धरल्या जातात का ते सूचनेत बघायचं. पानांची असेल तर समास आणि फाँट बारीक करून जागा काढायची नाही, ते पहिल्या नजरेत दिसतं.

तिला निरोप पाठवलाय: मसुदा आधी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये पेस्ट कर, मग तिथून फॉर्ममध्ये, आणि प्रिव्ह्यू उघडून सर्वांत शेवटची ओळ वाच. काही फॉर्म जास्तीचा मजकूर न सांगता कापून टाकतात, आणि तिची शेवटची ओळ त्या 139 जणांबद्दल आहे.