नवतपातला केक, बारा माणसं आणि कॅप्टनला दिलेली चिठ्ठी

आई-बाबांच्या लग्नाचा 25वा वाढदिवस ऐन नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, आला. मे महिन्यातले मुहूर्त धरणाऱ्यांच्या मुलांना नागपुरात हे चुकत नाही. धरमपेठेतल्या एका रेस्टॉरंटमध्ये शनिवारी रात्री आठ वाजताचं बारा जणांचं टेबल मामाच्या नावावर घेतलं आणि घरी सांगितलं की मामेबहिणीच्या बारावीच्या निकालाचं जेवण आहे. नाव मामाचं आणि मोबाईल नंबरही त्याचाच, कारण बुकिंगचा मेसेज त्या नंबरवर येतो आणि दारातला माणूस यादी बघून मोठ्यांदा विचारतो, ‘अ‍ॅनिव्हर्सरीवालं टेबल ना?’ त्यामुळे यादीत ‘अ‍ॅनिव्हर्सरी’ हा शब्द लिहूच नका, असं फोनवरच सांगितलं.

त्याच फोनवर आणखी तीन गोष्टी विचारल्या: बाहेरचा केक चालतो का आणि त्याचे वेगळे पैसे किती, आत मेणबत्ती पेटवता येते का, आणि केकचा डबा मावेल एवढी जागा फ्रिजमध्ये आहे का. तिसरा प्रश्न बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही. शनिवारी संध्याकाळी हॉटेलचे फ्रिज भरलेले असतात. जागा नसली की केक डीप फ्रीझरमध्ये जातो, बाहेर काढल्यावर त्याला पाणी सुटतं आणि वर लिहिलेली नावं ओघळतात. नाहीतर तो कापलेल्या कांद्याशेजारी बसतो आणि क्रीमला वास लागतो. म्हणून डब्याची लांबी, रुंदी आणि उंची बेकरीतून विचारून घेतली आणि तोच आकडा हॉटेलला कळवला. गोड पदार्थांच्या फ्रिजमधला एक कप्पा त्यांनी मोकळा ठेवला.

केक दीड किलोचा घेतला. जेवणाच्या मध्येच कापायचा असेल तर माणशी शंभर ग्रॅम पुरतात. बारा जणांचा एक किलो दोनशे ग्रॅम होतो, उरलेला हॉटेलच्या मुलांसाठी. नावं कागदावर लिहून त्याचा फोटो बेकरीला पाठवला. फोनवर सांगितलेल्या नावाचं काय होतं, हे ज्यांच्या नावात ‘ज्ञ’ किंवा ‘ळ’ आहे त्यांना विचारा. गाडीत डबा सीटवर किंवा मांडीवर ठेवला नाही. सीट मागे उतरती असते, केक एका बाजूला सरकतो. पुढच्या सीटसमोर पाय ठेवायच्या सपाट जागेवर डबा ठेवला, आधी दहा मिनिटं एसी चालवून गाडी गार केली आणि मगच केक उचलला. साडेसहाला, म्हणजे संध्याकाळच्या पाळीची माणसं आल्यावर, तो हॉटेलात पोचवला. दुपारच्या पाळीला सांगितलेलं रात्रीच्या पाळीपर्यंत जाईलच याची खात्री नसते.

आता मुख्य भाग, वेळेचा. पूर्वी एका वाढदिवसाला ‘साडेनऊला केक आणा’ असं सांगून फसलो होतो. पाहुणे उशिरा आले, साडेनऊला स्टार्टर नुकते टेबलावर आले होते आणि केक ठेवायला जागाच नव्हती. वेटरने सगळ्यांसमोर विचारलं, ‘सर, केक आता आणू का?’ तिथेच सरप्राइज संपलं. म्हणून या वेळी घड्याळाची वेळ दिलीच नाही. सांगितलं की स्टार्टरच्या प्लेटा उचलून टेबल पुसलं की मी उठून काउंटरपाशी येईन, तीच खूण. आधी ‘गरम पाणी’ असा परवलीचा शब्द ठरत होता, पण बाबा कुठल्याही हॉटेलात बसल्या बसल्या गरम पाणीच मागतात.

स्टार्टरनंतरच का, तर जेवणानंतर आजी-आजोबांना झोप येते आणि जेवणाआधी केक दिला तर पोरं जेवत नाहीत. शिवाय स्टार्टर आणि जेवण यांच्यामध्ये स्वयंपाकघराला तसाही वेळ लागतोच. फक्त एक काळजी घ्यावी लागते: वेटरांचा कॅप्टन जेवणाची ऑर्डर घेईल, पण केओटी, म्हणजे स्वयंपाकघरात जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, केक कापायला घेतल्यावरच आत पाठवेल. ती आधी गेली तर फोटो काढेपर्यंत रोट्या चामट होतात आणि त्याचा राग आचाऱ्यावर निघतो.

खूण दिल्यापासून केक टेबलावर यायला सात-आठ मिनिटं लागतात. फ्रिजमधून काढणं, डबा उघडणं, मेणबत्त्या खोचणं, सुरी आणि छोट्या प्लेटा शोधणं, गाणं बदलणं, सगळं त्यात येतं. हे सगळं एका कागदावर लिहून तो डब्यावर चिकटवला: टेबल नंबर, खूण, किती प्लेटा, दिवे कमी करायचे की नाही, केओटी कधी. चिठ्ठी हिंदीत लिहिली, कारण वाढणारी बरीच मुलं मराठी वाचत नाहीत. त्या रात्री दुसऱ्याही एका टेबलाचा केक त्याच फ्रिजमध्ये होता. चिठ्ठीमुळे अदलाबदल टळली.

पंचवीस सुट्या मेणबत्त्यांचा मोह टाळावा. शेवटची पेटवेपर्यंत पहिलीचं मेण क्रीमवर गळू लागतं. ‘2’ आणि ‘5’ अशा दोन आकड्यांच्या मेणबत्त्या पुरल्या. त्या स्वयंपाकघरात नाही, टेबलापासून चार पावलांवर पेटवायच्या, कारण चालताना आणि एसीच्या झोतात त्या विझतात. झोत कुठे येतो ते आधी जाऊन पाहिलं आणि आई-बाबांना त्या टोकाला बसवलंच नाही. पेटवायला लांब नळीचा गॅस लायटर घरून नेला. ठिणग्या उडवणारी फुलबाजीची मेणबत्ती जेमतेम मिनिटभर चालते. ती दूर पेटवली तर टेबलाशी येईपर्यंत नुसता धूर उरतो. शिवाय धुराची घंटा वाजेल म्हणून या हॉटेलात तिला परवानगीच नव्हती.

मेणबत्ती फुंकून विझवणं आजीला पटत नाही, शुभ दिवशी दिवा का मालवायचा म्हणते. म्हणून आधी औक्षण ठेवलं. ताम्हणात कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी आणि निरांजन. मेमध्ये तूप पातळच असतं आणि पिशवीत सांडतं, म्हणून फुलवाती तुपात भिजवून छोट्या डबीत नेल्या. निरांजन पेटवणार हे कॅप्टनला आधीच सांगितलं होतं. नाहीतर आगीच्या भीतीने कोणीतरी धावत येतं आणि सगळ्यांचं तोंड उतरतं. केकवरच्या मेणबत्त्या फुंकल्या नाहीत. उचलून बाजूच्या प्लेटीत ठेवल्या, त्या तिथेच जळत राहिल्या.

प्रत्यक्षात एकच घोळ झाला. मी काउंटरपाशी गेलो तेव्हा कॅप्टन दुसऱ्या टेबलाचं बिल घेत होता आणि त्याचं लक्षच नव्हतं. दोन मिनिटं उगाच पाण्याची बाटली न्याहाळत उभा राहिलो. खूण ओळखणारी माणसं दोन हवीत, कॅप्टन आणि आपल्या टेबलाचा वेटर. दोघांनाही आपण स्वतः भेटावं, एकाने दुसऱ्याला सांगितलं असेल असं धरून चालू नये.

टिप बिलाबरोबर ठेवण्यापेक्षा केक आणणाऱ्या मुलांच्या हातात दिली. आणि केकचा रिकामा डबा फेकू नका, असंही चिठ्ठीत लिहिलं होतं. तो बहुतेक वेळा लगेच कचऱ्यात जातो, मग उरलेला केक फॉइलमध्ये गुंडाळून मिळतो आणि घरी पोचेपर्यंत त्याचा शिरा होतो.