तुम्ही विचारलंत म्हणून: पत्रिकेमागचा नकाशा

"भाऊ, लग्नपत्रिकेच्या मागं गावाचा नकाशा टाकायचा आहे. मोबाईलमधल्या नकाशाचा फोटो तसाच छापला तर नाही का चालत?"

छापता येतो, पण वाचता येत नाही. मोबाईलवर दोन बोटांनी नकाशा मोठा होतो, कागदावर होत नाही. पत्रिकेच्या मागं जेमतेम तीन-साडेतीन इंचांचा चौकोन मिळतो. त्यात नागपूरपासून गावापर्यंतचा रस्ता मापात बसवला, की फाट्यापासून मांडवापर्यंतचे शेवटचे तीन किलोमीटर ठिपक्यात जातात. आणि पाहुणा चुकतो तो तिथंच.

म्हणून मी माप सोडून देतो. वडकी-राळेगाव रस्त्यावरून आत जाणाऱ्या एका गावाची पत्रिका केली होती, तिचंच सांगतो. वऱ्हाड नागपूरचं, नवरीकडचे पाहुणे यवतमाळचे. नागपूर ते वडकी हा सगळा महामार्ग मी इंचभर रेघेत गुंडाळला. तिच्यावर दोनच गोष्टी ठेवल्या, हिंगणघाट आणि वर्धा नदीचा पूल. पूल गेला की पाहुण्यानं वडकीच्या पाट्या बघायला लागायचं, एवढंच त्या रेघेचं काम. निम्म्याहून जास्त चौकोन शेवटच्या तीन किलोमीटरला दिला.

मग प्रश्न आला, वर काय आणि खाली काय. नेहमीसारखी उत्तर वर धरली तर नागपूर वर येतं. तिकडून येणारा कागदावर खाली उतरतो, आणि वडकीला राळेगावकडे घ्यायचं उजवं वळण कागदावर डावीकडे दिसतं. गाडीत बसलेला माणूस हमखास गोंधळतो. म्हणून नागपूर खाली ठेवलं, राळेगाव उजवीकडे. आता उजवं वळण उजवीकडेच दिसतं आणि फाटा वर जातो. उत्तरेचा बाण काढलाच नाही. रेघांच्या टोकांना 'नागपूरकडून' आणि 'यवतमाळ, राळेगावकडून' असं लिहिलं.

खुणांची यादी घरच्यांनी भलीमोठी दिली होती. ग्रामपंचायत, शाळा, मोबाईलचा टॉवर, कोणाची तरी संत्र्याची बाग, चहाची टपरी, काकांचं घर. (काकांचं घर राहिलं नाही म्हणून थोडी नाराजीही झाली.) मी एकच विचारतो: इथं पाहुण्याला वळायचं आहे का, किंवा चुकलो हे इथं कळतं का? दोन्हींचं उत्तर नाही असेल तर ती खूण गेली.

फाट्यावर जिनिंग होती, ती ठेवली. कपाशीचा हंगाम संपल्यावर जिनिंग बंद असते, दिवे नसतात, पण तिचं गेट अगदी रस्त्याला लागून आहे. फाट्याच्या पुढे राळेगावकडे विजेचं सबस्टेशन आहे, तेही ठेवलं. वडकीकडून येणाऱ्याला सबस्टेशन दिसलं म्हणजे तो फाटा सोडून पुढे आला. राळेगावकडून येणाऱ्याला दिसलं म्हणजे फाटा आलाच. एका खुणेत दोन्हीकडच्यांचं काम झालं.

आत गेलं की नाल्यावर पूल, आणि पुलानंतर रस्त्याला दोन वाटा फुटतात. सरळ आणि रुंद दिसणारा रस्ता पुढच्या गावाला जातो, आपला उजवीकडचा. चुकीचा रस्ता नकाशातून गाळायचा नसतो. तो आखूड दांडीएवढा काढून टोकाला त्या गावाचं नाव लिहायचं, म्हणजे पाहुण्याला कळतं की इथं दोन वाटा आहेत आणि सरळ जायचं नाही. लग्न गोरज मुहूर्ताचं होतं, त्यामुळे बरेच जण अंधारात येणार. पाण्याची टाकी दिवसा लांबून दिसते, रात्री नाही. म्हणून वळणाची खूण गाडीच्या दिव्यात दिसणारा पुलाचा कठडा केली आणि टाकी फक्त मांडवाशेजारी ठेवली.

राहिली अक्षरं. देवनागरीत वर वेलांटी, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. खरबरीत कागदावर बारीक अक्षरात शाई भरते आणि 'ष्ट' काय नि 'ष्ठ' काय, सगळं सारखंच. मी नावं दहा पॉइंटच्या खाली नेत नाही, मांडवाचं नाव तेरा आणि ठळक. नकाशा दुप्पट आकारात काढत असाल तर अक्षरंही वीस पॉइंटची घ्या, लहान करताना ती निम्मी होतात. नावं आडवीच लिहायची, रस्त्याबरोबर तिरकी नाही. नाव मावत नसेल तर अक्षर लहान करायचं नाही, एखादी खूण काढायची. सोनेरी शाई नवरा-नवरीच्या नावांना ठीक, नकाशाला मरून किंवा काळी.

छापायला देण्याआधी खऱ्या आकारात एक प्रिंट काढा आणि ते गाव न पाहिलेल्या साठीच्या माणसाच्या हातात द्या. "आता तोंडानं रस्ता सांगा," म्हणा. तो जिथं अडखळेल तिथं रेघ सुधारा. नकाशाखाली एक फोन नंबरही लागतो, पण तो नवरीच्या बापाचा नको. त्या दिवशी तो फोन उचलत नाही. गावात राहणाऱ्या आणि मांडवात काम नसलेल्या एखाद्या पोराचा द्या.