दगडावरचा सातवा महिना

"दगडावर वय, तारीख सगळं कोरलेलंच असतं. मग चर्चच्या वह्या पुन्हा कशाला चाळत बसता?"

कारण दगड मेलेल्या माणसानं लिहिलेला नसतो. मागे राहिलेल्यांपैकी कुणीतरी सांगतं, कारागीर कोरतो, आणि त्या दोघांच्या मध्ये बरंच काही सांडतं. बार्देशातल्या एका गावची गोष्ट सांगते, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल.

म्हापशाच्या एका शिक्षिकेला तिच्या खापरपणजीची माहिती जुळवायची होती. गावच्या सिमितेरीत कबर होती. चिऱ्याचा चौथरा, त्याला चुन्याचा गिलावा आणि मधोमध संगमरवराची पाटी. पाटीवर पोर्तुगीजमध्ये होतं: इथे विसावली आहे अमुक, तमुकाची विधवा, मृत्यू 9 जुलै 1868, वय 72. निदान घरच्यांनी तरी तसं वाचलं होतं. चर्चच्या मृत्यूंच्या वहीत मात्र जुलै 1868 मध्ये तिचं नावच नव्हतं. पान गेलं असावं, वाळवी लागली असावी, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं होतं.

आम्ही दोघी संध्याकाळी पाच वाजता गेलो. वेळ मुद्दाम निवडली होती. दुपारच्या उन्हात झिजलेली अक्षरं सपाट दिसतात. ऊन तिरकं पडलं की प्रत्येक खाचेत सावली बसते आणि अक्षर वर येतं. ऊन नसेल तर टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून बाजूनं धरावा. पावसाळ्यांनी पाटीवर काळी बुरशी धरली होती. ती साध्या पाण्यानं आणि मऊ ब्रशनं जेवढी निघाली तेवढीच काढली. तारेचा ब्रश, लिंबू, व्हिनेगर संगमरवराला कधीही लावू नका. आम्ल दगडच खातं आणि उरलीसुरली अक्षरंही जातात.

सावली पडल्यावर दिसलं की महिन्याच्या जागी 'जुलै' नव्हतंच. 7 चा आकडा होता आणि त्याच्या खांद्यावर बारीक तीन अक्षरं, 'ब्रो'. घरच्यांनी 7 पाहिला आणि सातवा महिना म्हणून जुलै धरला. पण जुन्या पोर्तुगीज लिखाणात हा 'सेतेंब्रो' म्हणजे सप्टेंबर लिहायचा आखूड प्रकार आहे. तसाच 8 वर 'ब्रो' म्हणजे ऑक्टोबर, 9 वर नोव्हेंबर आणि रोमन दहावर डिसेंबर. आपल्याला हे लक्षात ठेवणं अगदी सोपं आहे: सप्त, अष्ट, नव, दश. रोमनांचं जुनं वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं, आपलं चैत्रापासून होतं तसंच. त्या हिशेबानं सप्टेंबर खरोखर सातवा. महिना अक्षरांत लिहिलेला असला तरी जपावं लागतं. पोर्तुगीजमध्ये जून आणि जुलै यांच्या स्पेलिंगमध्ये एकाच अक्षराचा फरक आहे, आणि झिजलं तर नेमकं तेच अक्षर झिजतं.

मृत्यूंच्या वहीत सप्टेंबर काढला आणि 9 तारखेला ती सापडली. नवऱ्याचं नाव, वाडा, शेवटचे संस्कार मिळाल्याची नोंद, खाली पाद्रींची सही. वय मात्र 'सत्तर वर्षं, थोडं कमी-जास्त'. हे शब्द त्या वह्यांत सतत भेटतात. मरणाऱ्याचं वय पाद्रींना शेजाऱ्यांनी सांगितलेलं असायचं. 40, 50, 60, 70 असे गोल आकडे फार दिसले की समजावं, कुणी मोजलेलं नाही.

मग 72 आलं कुठून? दगडावरचं वय खरं धरलं तर जन्म सप्टेंबर 1795 ते सप्टेंबर 1796 या वर्षभरातला निघतो. वाढदिवस झाला होता की नाही हे माहीत नसतं, म्हणून मी नुसती वजाबाकी करून एकच साल कधी लिहीत नाही. बाप्तिस्म्याच्या वहीत जानेवारी 1796 मध्ये त्याच आईबापांची, त्याच नावाची मुलगी मिळाली. शिक्षिकेला आनंद झाला, वह्या मिटायला लागली. मी म्हटलं, थांब गं, पुढची पाच वर्षं तेवढी बघूया.

मार्च 1799 मध्ये त्याच जोडप्याला पुन्हा मुलगी, पुन्हा तेच नाव. मूल दगावलं की त्याचं नाव पुढच्या मुलाला ठेवायची चाल होती. मृत्यूंच्या वहीत 1797 मध्ये पहिल्या मुलीची नोंद निघाली, जेमतेम दीड वर्षाची. म्हणजे 1868 मध्ये जी गेली ती दुसरी, वय 69. माझा अंदाज असा की पाटी करवून घेणाऱ्या मुलानं बाप्तिस्म्याची नोंद शोधली आणि पहिली सापडली तीच आईची समजली. दगडावर आईचं नाव होतं आणि तिच्या आधीच्या, तिनं कधी न पाहिलेल्या बहिणीचं वय. ते कळल्यावर शिक्षिका बराच वेळ त्या दीड वर्षाच्या मुलीच्या नोंदीवर बोट ठेवून बसली. मलाही काही बोलवेना.

नात्यांच्या बाबतीत दगड जास्त भरवशाचा असतो, पण शब्द मोजून वाचावा लागतो. 'पत्नी' नसून 'विधवा' आहे, म्हणजे नवरा 9 सप्टेंबर 1868 च्या आधी गेला, एवढं पक्कं. या पाटीवर तिच्या ओळींच्या वर नवऱ्याच्याही दोन ओळी होत्या, साल 1851. दोघांची अक्षरं एकाच वळणाची, सारख्याच खोलीची, अंतरं आधीच आखून घेतलेली. नवऱ्याच्या वेळी दगड बसवला असता तर तिची ओळ खाली उरलेल्या जागेत कोंबलेली आणि वेगळ्या हाताची दिसली असती. तेव्हा दोन्ही एकदमच कोरलंय, आणि 1851 हे साल सतरा वर्षांनी आठवून सांगितलेलं आहे. वहीत ते 1852 निघालं.

जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये फरशीतच बसवलेले शिलालेख आहेत. तसल्या जुन्या शिळांवर बऱ्याचदा 'अमक्याची आणि त्याच्या वारसांची कबर' एवढंच असतं. तिथे साल असलं तरी ते मृत्यूचंच असेल असं नाही, जागा घेतल्याचंही असू शकतं, आणि खाली किती वारस आहेत ते दगड सांगत नाही. गावच्या सिमितेरीत उलटी अडचण येते. साध्या कबरी काही वर्षांनी पुन्हा वापरतात, त्यामुळे दगड नाही म्हणून माणूस इथे पुरलाच नाही असं म्हणता येत नाही.

आपल्या देवळांच्या पायऱ्यांवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असतं, तिथेही मला हेच करावं लागतं. माघ शके 1860 दिसलं की लोक 78 मिळवून 1938 म्हणतात. माघ इंग्रजी वर्ष बदलल्यावर येतो, म्हणून 79 मिळवायचे: 1939. शिवाय ती तिथी पायरी बांधल्याची की माणूस गेल्याची, हे वाक्याचं क्रियापद बघून ठरवायचं.

शिक्षिकेच्या घरच्यांनी पाटी बदलायची का म्हणून विचारलं. मी नको म्हटलं. मुलानं आईसाठी केलेला दगड आहे, तो तसाच राहू दे. तिच्या वहीत आम्ही दोन ओळी लिहिल्या. पाटीनुसार वय 72, नोंदींनुसार 69. आणि खाली, नव्या ओळीवर, तिची थोरली बहीण: 1796 ते 1797.