कोर्टासाठी बँकेचं सर्टिफाइड स्टेटमेंट काढताना आलेला माझा अनुभव

ओळखीतल्या एकाला उसने पैसे दिले होते, आरटीजीएसने, त्याने दिलेला चेक बाउन्स झाला म्हणून १३८ ची केस टाकली आणि आता तो म्हणतो पैसे मिळालेच नाहीत. त्यामुळे माझ्या खात्यातून पैसे गेल्याची नोंद कोर्टात दाखवायची होती. वकिलांनी आधीच बजावलं होतं की ॲपवरून डाउनलोड केलेली पीडीएफ चालणार नाही, बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट १८९१ प्रमाणे प्रमाणित प्रत पाहिजे.

ब्रँचमध्ये लेखी अर्ज दिला, खाते नंबर, कुठल्या तारखेपासून कुठपर्यंत, कोर्ट आणि केस नंबर टाकून, आणि पोच घेतली. पोच घ्याच, नाहीतर अर्ज कुठे गेला कुणालाच माहीत नसतं. काउंटरवरच्या मॅडमनी लगेच प्रिंट काढून गोल शिक्का मारून दिलं. पण त्यावर सही कोणाची ते कळत नव्हतं, नाव नाही, हुद्दा नाही, तारीख नाही, आणि तपशीलाचा कॉलम कापला गेल्यामुळे यूटीआर नंबर, म्हणजे त्या आरटीजीएस व्यवहाराचा ओळख क्रमांक, अर्धाच दिसत होता, म्हणजे जे सिद्ध करायचं तेच गायब!

मग वकिलांनी दाखल्याचा मसुदा टाइप करून दिला आणि मी तो घेऊन थेट मॅनेजर साहेबांना भेटलो. कॉम्प्युटरची प्रिंट असेल तर त्याच १८९१ च्या कायद्याचं कलम २अ लागतं. ही आमच्या रेकॉर्डमधल्या नोंदीची प्रिंट आहे असा दाखला मॅनेजर किंवा प्रिन्सिपल अकाउंटंटने द्यायचा, आणि सिस्टम नीट चालत होती, डेटात कोणी फेरफार करू नये म्हणून काय व्यवस्था आहे, हा दाखला सिस्टम सांभाळणाऱ्याने द्यायचा. साहेब म्हणाले, "अहो, सर्व्हर हेड ऑफिसला आहे, मी त्याची सही कशी करू?" मला त्यांचं म्हणणं पटलं, त्यांनाही नोकरी सांभाळायची असते. शेवटी त्यांनी मसुदा लीगल डिपार्टमेंटला पाठवला, तो दुसरा दाखला तिकडच्या आयटी अधिकाऱ्याच्या सहीने आला आणि पहिल्यावर साहेबांनी नाव, हुद्दा, तारीख घालून सही केली. स्टेटमेंट आडव्या पानावर परत काढून घेतलं आणि प्रत्येक पानावर सही-शिक्का करून घेतला.

२०२४ च्या १ जुलैपासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालाय, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी जुन्या एव्हिडन्स ॲक्टचं जे ६५ब होतं त्याच्या जागी कलम ६३ आलंय, आणि त्याच्या प्रमाणपत्राचा नमुना कायद्यातच दिलाय, त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे तपासायचा कोड, पण लिहावी लागते. तुमच्या केसला तेही लागेल का हे वकिलांना बँकेत जायच्या आधी विचारा, म्हणजे एकाच अर्जात मागता येईल.

हे सगळं स्वतःच्या खात्यापुरतं. समोरच्याच्या खात्याचं स्टेटमेंट बँक आपल्याला देत नाही, त्यासाठी कोर्टाकडून आदेश घ्यावा लागतो, आणि आमचा तो अर्ज अजून पेंडिंग आहे.