ऊसबिल, तोडणी-वाहतुकीची कपात आणि उचलीवरचे व्याज : माझा अनुभव

फेब्रुवारी २०२५ अखेर माझ्या बँक खात्यात ऊसबिलाचे १,६८,६७२ रुपये जमा झाले. कारखान्याला माझा आडसाली ऊस ११२.६४० टन गेला होता. जमा रकमेला टनांनी भागले तर टनाला जेमतेम १,४९७ रुपये येतात आणि कारखान्याने जाहीर केलेला पहिला हप्ता तर २,९५० रुपयांचा होता. गावात पारावर असा भागाकार करून कारखान्याला शिव्या घालणारे पुष्कळ असतात. मात्र हा भागाकार मुळातच चुकीचा आहे, कारण बिलातून दोन निराळ्या प्रकारच्या कपाती होतात. तोडणी-वाहतुकीची कपात दरातून होते आणि ती प्रत्येक टनाला सारखी असते. उचल म्हणजे कारखान्याकडून आगाऊ घेतलेले पैसे, तिच्यावरचे व्याज आणि सोसायटीचे कर्ज ही आपली देणी असून ती एकूण रकमेतून एकदम वळती होतात. हे दोन्ही हिशेब वेगळे तपासले तरच कारखान्याचे बरोबर कोठे आहे आणि चूक कोठे आहे, ते कळते. माझ्या बिलात दर बरोबर होता. घोळ उचलीत होता आणि तो निस्तरताना माझा जो संताप झाला, त्याची धग अजून पुरती गेलेली नाही.

वजनाचे काम लवकर आटोपले. प्रत्येक खेपेची काटा पावती मी त्याच दिवशी चालकाकडून मागून घेतली होती. पावतीवर भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन आणि निव्वळ वजन असे तीन आकडे असतात. निव्वळ वजनांची बेरीज पत्रकातील टनांशी जुळली. या पावत्यांची शाई काही महिन्यांत उडून जाते, म्हणून त्यांचे छायाचित्र लगेच काढून ठेवावे. पावतीवरचा खातेक्रमांकही त्याच वेळी पाहावा. चिठ्ठी लिहिणाऱ्या चिटबॉयने घाईत शेजाऱ्याचा क्रमांक घातला, तर ती खेप दुसऱ्याच्या बिलात जाते आणि नंतर दोन खातेदारांच्या सह्या घेत फिरावे लागते.

दराचा ताळा थोडा वेळ घेतो, पण अवघड नाही. केंद्र सरकारने २०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दर, ठरवली होती आणि त्यापुढे उताऱ्याच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.३२ रुपये वाढ दिली होती. आमच्या कारखान्याने मागील हंगामाचा ११.५० टक्के उतारा धरून दर काढला होता. म्हणजे मूळ उताऱ्यापेक्षा १.२५ टक्के जास्त, त्याचे क्विंटलमागे ४१.५० रुपये आणि एकूण ३८१.५० रुपये. टनाला ३,८१५ रुपये झाले. एफआरपी ही कारखान्याच्या दारात पोहोचलेल्या उसाची किंमत असते. आपल्याकडे तोडणारी टोळी आणि वाहने कारखाना लावतो, म्हणून तो खर्च त्यातून वजा होतो. आमच्याकडे ही कपात ८६५ रुपये होती. उरले २,९५० रुपये.

पत्रकावर मात्र ‘दर २,९५०’ एवढेच छापलेले असते. ३,८१५ आणि ८६५ हे आकडे त्यावर नसतात, त्यामुळे कपात वाजवी आहे की नाही हे पत्रकावरून कळण्याची सोयच नसते. सहकारी कारखान्याच्या सभासदाला यावर एक साधा उपाय आहे. वार्षिक अहवालातील नफा-तोटा पत्रकात ऊस तोडणी व वाहतूक खर्चाची एकूण रक्कम दिलेली असते आणि त्याच अहवालात त्या हंगामाचे एकूण गाळप असते. आमच्या मागील अहवालात हा खर्च ६९ कोटी २० लाख आणि गाळप ८ लाख टन होते. भागाकार बरोबर ८६५ आला. हे पाहून मला खरोखर समाधान वाटले, कारण दर चुकीचाच असणार अशी तयारी करून मी बसलो होतो. ही सरासरी आहे, हे मात्र ध्यानात ठेवावे. माझे रान कारखान्यापासून सहा किलोमीटरवर आहे, आणि लांबून आणलेल्या उसाचा वाहतूक खर्चही याच सरासरीत मिसळलेला असल्यामुळे तो मलाही भरावा लागतो. अंतर कमी म्हणून माझी कपात कमी होत नाही. याविषयी भांडायचे तर वार्षिक सभेत भांडावे, बिलाच्या खिडकीवर त्याचा उपयोग नाही. टोळीला दिलेली खुशाली आणि चालकाची ‘एंट्री’ हे पैसे तर कोणत्याच कागदावर येत नाहीत, तरी तेही तोडणी-वाहतुकीपोटीच जातात.

आता उचल. पत्रकात एका ओळीत लिहिले होते : ‘उचल वसुली ४३,६१६’. मी बेणे आणि खतापोटी ३६,५०० रुपयांची उचल १५ जुलै २०२३ रोजी घेतली होती. म्हणजे वरचे ७,११६ रुपये व्याज असणार. ते कोणत्या दराने, कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या तारखेपर्यंत, याचा कोठेही उल्लेख नव्हता.

गट कार्यालयात विचारले, तेव्हा तेथील कर्मचारी म्हणाले, “आमच्याकडे फक्त उचलीची नोंद असते, व्याज लेखा विभाग लावतो.” लेखा विभागात गेलो, तर त्यांनी सांगितले की व्याजाचा दर शेतकी विभागाच्या परिपत्रकाप्रमाणे लागतो, तेव्हा तेथेच विचारावे. शेतकी विभागातील साहेब शिवारफेरीला गेलेले असत. ते भेटले तेव्हा त्यांनी दर सांगितला, द. सा. द. शे. १२, पण तारखा पुन्हा लेखा विभागाकडेच. एका पत्रकातील एका ओळीसाठी शेतकऱ्याने तीन टेबले धुंडाळावीत आणि प्रत्येक टेबलाने पुढच्या टेबलाकडे बोट दाखवावे, ही रीत ज्याने बसवली त्याला स्वतःचे ऊसबिल कधी तपासावे लागले नसावे.

शेवटी मी तोंडी विचारणे सोडून दिले आणि लेखी अर्ज करून स्वतःच्या उचल खात्याचा उतारा मागितला. हे पहिल्याच दिवशी करावे. पत्रक म्हणजे निव्वळ गोळाबेरीज असते. खातेउताऱ्यात मात्र प्रत्येक नोंद तारखेनिशी असते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घेतला की, ‘असा अर्ज आलाच नाही’ हे उत्तर बंद होते.

उतारा हातात आल्यावर गणित सोपे झाले. ३६,५०० रुपयांवर १२ टक्क्यांनी दिवसाला बरोबर १२ रुपये व्याज होते. ७,११६ रुपये म्हणजे ५९३ दिवस. १५ जुलै २०२३ पासून ५९३ दिवस मोजले की २७ फेब्रुवारी २०२५ येते आणि त्याच दिवशी माझे बिल निघाले होते. पण माझ्या उसाची शेवटची खेप १० डिसेंबर २०२४ रोजीच काट्यावर गेली होती. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत. आधीच्या खेपा सोडून देऊन शेवटच्या खेपेपासून मोजले, तरी ती मुदत २४ डिसेंबरला संपली. त्यापुढचे ६५ दिवस माझे सव्वातीन लाखांहून अधिक रुपये कारखान्याकडे पडून होते आणि त्याच ६५ दिवसांचे ७८० रुपये व्याज कारखाना माझ्याकडून घेत होता.

हे मी लेखापालांसमोर मांडले. ते म्हणाले, “तात्या, संगणक बिलाच्या तारखेपर्यंतच व्याज काढतो, त्यात आम्ही हात घालत नाही.” मग त्यांनी उचलीच्या वेळी माझ्याकडून सही करून घेतलेले हमीपत्र काढले. त्यात ‘ऊसबिलातून वसूल होईपर्यंत’ व्याज देण्याचे कबूल केलेले होते. कागदावर त्यांची बाजू अगदीच लंगडी नव्हती, हे मान्य करावे लागेल. माझे म्हणणे इतकेच होते की, बिल केव्हा द्यायचे ही तारीख कायद्याने ठरवून दिलेली आहे. वसुलीला झालेला उशीर कारखान्याचा आहे, माझा नाही. शिवाय त्याच आदेशात १४ दिवसांपुढील विलंबासाठी कारखान्याने शेतकऱ्याला वार्षिक १५ टक्के व्याज द्यावे, अशी तरतूद आहे. बिलाच्या ३,३२,२८८ रुपयांतून उचल आणि २४ डिसेंबरपर्यंतचे व्याज ६,३३६ रुपये वजा केले, तर २,८९,४५२ रुपये उरतात आणि त्यांवर ६५ दिवसांचे व्याज ७,७३२ रुपये होते. माझ्याकडून ७८० घ्यायचे आणि मला देणे असलेल्या ७,७३२ चा उच्चारही करायचा नाही, असा हा व्यवहार होता. हे दोन्ही आकडे एका कागदावर शेजारी-शेजारी लिहून मी पुढे ठेवले, तेव्हा लेखापालांचा सूर मऊ झाला. तोंडी वादात आकडे हवेत विरतात, म्हणून हिशेब लिहूनच न्यावा.

व्याज २४ डिसेंबरपर्यंतच धरण्याचे कारखान्याने मान्य केले आणि ७८० रुपये पुढे माझ्या खात्यात जमा दाखवले. रक्कम लहान आहे, पण उतारा पाहून झालेला आनंद तेवढा लहान नव्हता.

सोसायटीच्या कर्जाचे १,२०,००० रुपये बिलातून वळते झाले होते, त्याचा ताळा सोसायटीत जाऊन करावा. कारखान्याने कपात केल्याची तारीख आणि सोसायटीच्या खतावणीत जमा झाल्याची तारीख या दोन्हींत अंतर पडले, तर मधल्या दिवसांचे व्याज कर्जखात्यावर चढते. माझ्याकडे हे अंतर किरकोळ निघाले. कर्ज फेडीच्या मुदतीजवळ बिल निघाले असेल, तर मात्र ही गोष्ट सर्वांत आधी पाहावी, कारण मुदत चुकली की व्याज सवलतही हातची जाते.

उचल घेताना हमीपत्राची छायाप्रत मागून घ्यावी, हे सांगायचे राहिले. मला ती पहिल्यांदा दिसली ती लेखापालांच्या हातात.

१५ टक्के व्याजाच्या मागणीवर कारखान्याने ‘विषय संचालक मंडळापुढे ठेवू’ असे लेखी उत्तर दिले. त्यावर मी काटा पावत्यांच्या प्रती, पत्रक, बँकेचा उतारा आणि दिवसांचा हिशेब जोडून कोल्हापूरच्या प्रादेशिक साखर सहसंचालक कार्यालयात तक्रार दिली आहे. सांगली जिल्ह्यातील कारखाने त्याच कार्यालयाच्या कक्षेत येतात. पोचेचा क्रमांक माझ्याकडे आहे. व्याजाचे पैसे अजून आलेले नाहीत.