हार्मोनिक सीरिज: दहादहाचे गट अडले, दुप्पट गट चालले

१ + १/२ + १/३ + १/४ + ... ही बेरीज कुठल्याही आकड्याच्या पुढे जाते हे बीएस्सीला असताना पाठ केलं होतं, पण आतून पटलं नव्हतं. पदं शून्याकडे चाललीयेत ना, मग बेरीज कुठेतरी अडायला हवी असं वाटायचं. एक्सेलमध्ये टाकून बघितलं तर शंका वाढलीच, १० पदांची बेरीज २.९३, १०० पदांची ५.१९, १००० ची ७.४९ आणि चक्क दहा लाख पदं घेतली तरी फक्त १४.३९! हे बघून कोणालाही वाटेल की पंधरा-सोळाला जाऊन थांबणार. म्हणजे आकडे बघत बसून हे सुटणार नव्हतं, सिद्धताच हवी होती, आणि ती पुस्तक न उघडता स्वतः करायची असं ठरवलं.

गट पाडायचे एवढं आठवत होतं. गट किमान किती भरतो ते काढणं सोपं आहे, गटातलं शेवटचं पद सगळ्यात लहान, म्हणून सगळी पदं तेवढीच आहेत असं धरायचं, खरी बेरीज त्याहून कमी असूच शकत नाही. मी आधी दहादहाचे गट केले. पहिला गट १ पासून १/१० पर्यंत, किमान १० × १/१० म्हणजे १. दुसरा १/११ ते १/२०, किमान १० × १/२० म्हणजे १/२. तिसरा किमान १/३, चौथा १/४... आणि मी बघतच राहिलो, कारण किमान किमतींची जी यादी तयार झाली ती हीच सीरिज! जिच्याबद्दल विचारतोय तीच परत समोर उभी.

मग प्रश्न उलटा केला. मला प्रत्येक गटातून एकच ठरलेली रक्कम हवीय, समजा अर्धा, तर गट केवढा घ्यायचा? a पदं झाली आहेत आणि पुढचा गट b व्या पदाला संपतो असं धरलं तर गटात b − a पदं आणि शेवटचं पद १/b, म्हणजे किमान (b − a)/b. हे अर्धा यायला b = २a पाहिजे. बस्स, जिथपर्यंत आलोय त्याच्या दुप्पट जायचं! दहाच्या गटांचं काय बिघडत होतं तेही इथेच कळलं, पदं लहान होत जातात पण गटातली संख्या तेवढीच राहते, म्हणून गट हलके होत जातात.

आता सगळं सरळ. १ आणि १/२ बाजूला ठेवले. १/३ + १/४ मध्ये दोन्ही पदं किमान पाव, दोन पाव म्हणजे अर्धा. १/५ ते १/८ ही चार पदं किमान १/८, पुन्हा अर्धा. १/९ ते १/१६ आठ पदं, पुन्हा अर्धा. म्हणजे १६ पदांची बेरीज किमान १ + ४ × १/२ = ३ (खरी ३.३८ येते). असेच k अर्धे जमवले की २^k पदांची बेरीज किमान १ + k/२, आणि k हवा तेवढा वाढवता येतो. फ्रान्सच्या निकोल ओरेमनी हे चौदाव्या शतकातच केलं होतं, आजची चिन्हं नसताना, याचं मला फार अप्रूप वाटतं.

अंदाज ढोबळ आहे हे मात्र खरं. बेरीज १० च्या वर न्यायला आपला हिशोब २^१८ म्हणजे २,६२,१४४ पदं मागतो, प्रत्यक्षात १२,३६७ पुरतात. पण आपल्याला फक्त "पोचते" एवढंच दाखवायचं होतं, "कधी पोचते" नाही. आणि असे कंस टाकणं चालतं कारण सगळी पदं धन आहेत, बेरीज वाढतच जाते, मधे खाली येत नाही. १ − १ + १ − १ + ... मध्ये कंस कुठे टाकले यावर कधी ० येतं कधी १, तिथे हा खेळ करायचा नाही.

नंतर त्या दहाच्या गटांकडे परत गेलो, कारण तीच सीरिज परत येणं हे मला राहूनराहून खुणावत होतं. समजा बेरीज S इतकी ठरावीक आहे. पहिला गट सोडून बाकीचे गट मिळून किमान १/२ + १/३ + १/४ + ... म्हणजे S − १ देतात. पहिल्या गटाची खरी बेरीज मात्र १ नाही, २.९३ च्या आसपास. तर S ही किमान S − १ + २.९ म्हणजे S + १.९ निघाली, आणि कुठलीच ठरावीक संख्या स्वतःपेक्षा मोठी नसते. म्हणजे असा S नाहीच, दहाच्या गटांतूनही सिद्धता निघाली, फक्त पहिल्या गटाची किंमत ढोबळ न धरता खरी धरायला लागली.